लंडनहून गोव्याला परतल्यावर काय, कधी आणि किती खावं-प्यावं

मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहून पहिल्यांदा परत येणाऱ्या गोव्यातल्या आई-बाबांसाठी हे लिहितोय. जाताना सगळे सल्ले मिळतात. स्वेटर किती घ्यायचे, लोणच्याची बरणी कशी बांधायची, सगळं कोणीतरी सांगतं. येताना मात्र कोणी काही सांगत नाही, कारण आपण घरीच तर चाललोय. पण शरीराला पश्चिमेकडे जाणं सोपं आणि पूर्वेकडे येणं कठीण असतं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे दिवस लांबला तर त्याला फारसं वाटत नाही, दिवस आखडला की ते अडखळतं. लंडनहून गोव्याला येताना दिवस साडेपाच तासांनी आखडतो. हा हिवाळ्यातला हिशेब झाला. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा असतो.

शरीरात घड्याळ एकच नसतं, हे आधी समजून घ्या. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळं आहेत आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात २०१७ साली यावर एक नेटका प्रयोग झाला. १० निरोगी तरुणांची तिन्ही जेवणं सहा दिवस पाच-पाच तास उशिरा दिली. झोप आणि उजेडाच्या वेळा तशाच ठेवल्या. त्यांच्या रक्तातल्या साखरेची दिवसभराची लय साडेपाच तासांहून थोडी जास्त मागे सरकली, पण झोपेशी जोडलेल्या मेलाटोनिनची वेळ जागची हलली नाही. म्हणजे जेवणाच्या वेळा पाळून झोप लागेलच असं नाही, पण साखर आणि पचन ताळ्यावर आणण्यात त्या वेळांचा मोठा वाटा असतो. या लेखातून तेवढीच अपेक्षा ठेवा.

लंडनचा हिशेब डोक्यात ठेवा

फोंड्याचं एक जोडपं जानेवारीत परततंय असं धरू. बाबांना मधुमेह आहे, गोळ्यांवर आहेत. आईंना रक्तदाबाची गोळी आहे. विमान लंडनहून रात्री ९ ला सुटतं, नऊ तासांत मुंबई, तिथून दुसरं विमान, संध्याकाळी ५ च्या सुमारास मोपा आणि ७ पर्यंत घर.

विमान सुटताना गोव्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. दीड तासाने, म्हणजे गोव्याच्या पहाटे चारला, जेवणाची गाडी येते. उतरण्याआधी दोन तास नाश्ता येतो, तेव्हा गोव्यात सकाळचे साडेनऊ. या दोन ताटांपैकी पहिलं सोडायचं आणि दुसरं घ्यायचं.

त्यासाठी संध्याकाळी ६-७ वाजता विमानतळावर पोटभर पण साधं जेवून घ्या. वरण-भात, भाजी, दही चालेल. राजमा, छोले, कोबी नको. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा कमी असतो आणि तिथे पोटातला वायू फुगतो. पोट गच्च होऊन छातीत दुखल्यासारखं वाटलं की पहिल्यांदा जाणारी माणसं घाबरतात. त्यातली बरीच ही राजम्याची करामत असते. तरीही दुखणं छाती आवळल्यासारखं असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम किंवा धाप असेल, तर वायू म्हणून बसून न राहता लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगायचं.

विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा की जेवण नको, झोपतोय, नाश्त्याला उठवा. बहुतेक जण ऐकतात. शाकाहारी किंवा मधुमेहींचं जेवण हवं असेल तर ते तिकीट काढतानाच किंवा निदान आदल्या दिवसाच्या आत नोंदवावं लागतं. नोंदणीत शाकाहारी भारतीय जेवणाला AVML आणि मधुमेहींच्या जेवणाला DBML असं लिहिलेलं दिसतं. हातातल्या पिशवीत चिवड्याऐवजी दोन साध्या पोळ्या किंवा खाकरा, थोडे भाजलेले शेंगदाणे आणि ग्लुकोजची पुडी ठेवा. नाश्त्याला उशीर झाला तर तेच कामी येतं.

काही जण सोळा तास कडक उपास करून उतरल्यावर जेवायला सांगतात. त्यामागे मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग आहेत. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. वरच्या बेतात लंडनच्या घड्याळाने संध्याकाळी सातचं जेवण आणि पहाटे चारचा नाश्ता यांत नऊ तास जातात, आपण रोज रात्री उपाशी असतो त्यापेक्षा फार जास्त नाही.

विमानातलं पाणी

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्या खालीच. ओठ फुटतात, घसा खरखरतो, डोळे चुरचुरतात. यावरून लोक समजतात की अंगातलं पाणी झपाट्याने आटतंय. तसं नसतं. कोरडेपणा मुख्यतः तोंड, नाक, डोळ्यांच्या ओल्या आवरणांना जाणवतो. एकूण पाणी जातं ते थोडं जास्त, इतकंच. म्हणून जागे असताना दर दीड-दोन तासांनी एक पेला पाणी पुरे. ढसाढसा दोन लिटर पिऊन काही साधत नाही, उलट पायऱ्या ओलांडाव्यात तशी शेजाऱ्यांची मांडी ओलांडत शौचालय गाठावं लागतं. वयस्कर माणसाने, त्यातही लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, नुसतं पाणी भरमसाट पिणं धोक्याचंही असतं. रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर विमानातही तेच माप पाळायचं.

उलटंही घडतं. आपल्याकडच्या बऱ्याच मावश्या-काकू शौचालयाला जायला नको म्हणून घोटभरही पाणी घेत नाहीत. त्यांच्यासाठी सोपा उपाय म्हणजे बाजूच्या वाटेलगतची जागा मागून घेणं. कोणाला उठवावं लागत नाही आणि पायही मोकळे होतात. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेता येते, पुढे नळावर भरून घ्यायची. भरलेली बाटली बऱ्याच ठिकाणी तिथेच काढून घेतात.

वाईन आणि बियर फुकट मिळते म्हणून घेऊ नका. झोप लवकर लागते खरी, पण तुटक लागते, आणि लघवी वाढते. चहा-कॉफीही या नऊ तासांत नको, नाश्त्याबरोबरचा एक कप सोडून.

पहिल्या रात्रीची शागोती चालते, दुसऱ्या सकाळची पुरी-भाजी नाही

मुंबईला उतरल्यावर दीडच्या सुमारास इडली किंवा वरण-भात असं काही खाऊन घ्या. लंडनच्या हिशेबाने ती सकाळी आठची न्याहारी होते, पोटाला पटते. दुपारी एकनंतर चहा-कॉफी बंद. चहातल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, आणि आधीच रात्री झोपेचे वांधे होणार आहेत.

घरी पोचलं की वहिनीने शागोती-वडे केलेले असतात. इथे माझं मत नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. प्रवासातून आल्यावर रात्री पेजच घ्या, असं सांगतात. पण साडेसात-आठला जेवायला बसाल तेव्हा लंडनला दुपारचे दोन-अडीच वाजलेले असतात. पोटाची ती भर दुपारची, काम करायची वेळ. दोन वडे आणि वाटीभर शागोती खुशाल खा. सहा वडे खाऊ नका, कारण दिवसभर बसून आतडी सुस्तावलेली असतात आणि दोन तासांनी आडवं व्हायचं असतं.

खरी गडबड दुसऱ्या सकाळी होते. पोदेराचा भोंगा वाजतो, गरम उंडे येतात, आठ वाजता पातळ भाजी, पुऱ्या, शिरा असं ताट मांडलं जातं. त्या वेळी पोटात मध्यरात्रीचे अडीच वाजलेले असतात. मध्यरात्री खाल्लेल्या अन्नाने साखर जास्त चढते, कारण त्या वेळी इन्सुलिनचा प्रतिसाद मंद असतो. जठरही हळू रिकामं होतं. मग अकरा वाजता आंबट ढेकर, छातीत जळजळ, दुपारी भूक नाही, आणि घरचे म्हणतात, तिकडे राहून याला इकडचं सोसेनासं झालं.

लंडनची रात्री ११ ते सकाळी ६ ही वेळ गोव्यात पहाटे साडेचार ते सकाळी साडेअकरा अशी येते. पहिल्या सकाळी त्या पट्ट्यात थोडंच खायचं, पण काहीच न खाणंही चुकीचं. नवीन वेळ पोटाला शिकवायची तर त्या वेळेला काहीतरी द्यायलाच हवं. साडेआठला एक उकडलेलं अंडं किंवा मूठभर भिजवलेले मूग आणि अर्धा उंडा घ्या. मग दहा-साडेदहाला आपली पेज, उकड्या तांदळाची, मीठ घालून, सोबत लिंबाचं लोणचं. गोव्यातल्या जुन्या दिनक्रमात पेजेची वेळ नेमकी हीच असल्यामुळे वेगळं काही आठवण ठेवून करावं लागत नाही. मधुमेह्याने पेज वाटीभरच घ्यायची आणि त्यात भाताची शितं कमी ठेवायची.

आणखी एक गोष्ट जेवणाची नाही, पण तिच्यावाचून जेवणाचे कष्ट वाया जातात. पहिल्या सकाळी साडेसातला मिरामारला किंवा शेताच्या बांधावर फिरायला जाऊ नका. तेव्हा मेंदूच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असतात. त्या वेळचा लख्ख उजेड घड्याळ पुढे आणायच्या ऐवजी आणखी मागे ढकलतो. पेजेची वाटी घेऊन साडेदहाला ओसरीवर किंवा अंगणात बसा, तासभर उजेड मिळू दे. त्या वेळचा उजेड घड्याळ योग्य दिशेला ओढतो.

एक वाजता शीत-कडी, निस्तें, भाजी असं नेहमीचं पूर्ण जेवण. मग गोव्याची दुपार सुरू होते. दुकानं बंद, रस्ते रिकामे, डोळे मिटायला लागतात. अर्धा तास आडवं व्हायला हरकत नाही, पण गजर लावून. पाच वाजेपर्यंत झोपलात तर रात्रीचं जेवण दहावर जाईल आणि सगळं गणित फिसकटेल.

दुसऱ्या दिवसापासून तो 'थोडंच खा' पट्टा रोज साधारण तासाभराने आधी संपतो. पहिल्या सकाळी साडेअकराला संपला, तर दुसऱ्या सकाळी साडेदहाला, तिसऱ्या सकाळी साडेनऊला, चौथ्या सकाळी साडेआठला. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी पुरी-भाजीला हरकत नाही. उजेडात बसायची वेळही तशीच रोज तासभर अलीकडे घ्यायची. वय सत्तरच्या पुढे असेल तर एक-दोन दिवस जास्त धरा.

रात्री दोनची भूक आणि रात्री दोनची लघवी

पहिल्या रात्री थकव्याने दहा वाजता झोप लागते आणि दोनला टक्क जाग येते. लंडनमध्ये रात्रीचे साडेआठ, म्हणजे पोटाची जेवायची वेळ. भूक खरी असते, मनाचे खेळ नसतात. तरी या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली शागोती गरम करणं सर्वांत महागात पडतं. तसं केलं की आतडी लंडनवरच राहतात आणि सकाळची भूकही मरते. दोन घोट पाणी प्या आणि पडून राहा. पंधरा-वीस मिनिटांत भूक ओसरते. नाहीच ओसरली तर अर्धं केळं खा, त्याहून जास्त नको. मोठा दिवा आणि मोबाइल लावू नका.

दुसरी तक्रार कोणी बोलत नाही. रात्रीतून तीन-तीन वेळा लघवीला उठावं लागतं. बाबांना वाटतं साखर वाढली किंवा प्रोस्टेट वाढलं. मूत्रपिंडांनाही आपली लय असते, दिवसा ती जास्त लघवी करतात आणि रात्री कमी. गोव्यातले रात्री अकरा ते पहाटे चार म्हणजे लंडनचे संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, तेव्हा ती अजून दिवसपाळीवर असतात. शिवाय विमानात बसून घोट्यांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि तेही बाहेर पडतं. चार-पाच दिवसांत हे आपोआप कमी होतं.

यावर उपाय पाणी कमी पिणं नाही, पाण्याच्या वेळा बदलणं आहे. लंडनच्या थंडीतून बत्तीस अंशांच्या दमट हवेत आलेलं शरीर घामाला सरावलेलं नसतं, त्यामुळे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. दिवसाचं बहुतेक पाणी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत घ्या. पेजेतून मीठ-पाणी मिळतंच. दुपारी जेवताना पेलाभर सोलकढी, चारच्या चहाऐवजी मीठ-जिरं घातलेलं कोकमाचं तिवळ. बाटलीतलं तयार कोकम सरबत नको, त्यात साखर फार असते. शहाळं एक चालेल, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. संध्याकाळी सातनंतर गोळीपुरतं आणि तहानेपुरतं पाणी. संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडलात तर घोट्यांतलं पाणी झोपण्याआधीच निघून जातं.

पुरेसं पाणी जातंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी ठीक, गडद चहासारखी असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंग उगीच भडक पिवळा येतो, तेव्हा या खुणेवर विसंबू नका. वयस्कर माणसांना तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता सकाळी एक लिटरची बाटली भरून समोर ठेवणं बरं.

पोट दोन-तीन दिवस साफ झालं नाही तरी पहिल्याच दिवशी रेचक घेऊ नका. आतड्यांची सकाळची हालचालही अजून दुपारी होत असते. दुपारच्या जेवणात तांबडी भाजी किंवा दुधी घ्या आणि पेजेनंतर दहा मिनिटं शांतपणे बसून या, मग आलं नाही तरी.

बाबांच्या गोळ्या

प्रवासाच्या दिवशी साखर उतरवणारी गोळी घड्याळ बघून घ्यायची नाही. ताट समोर आल्याशिवाय गोळी नाही, हा एकच नियम पाळा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि विमान धावपट्टीवर दीड तास अडकून नाश्ता आला नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, चिडचिड या खुणा. तसं झालं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खाकरा किंवा पोळी खा. इन्सुलिन घेणाऱ्यांचा दिवस साडेपाच तासांनी आखडल्यामुळे दोन मात्रा जवळ येतात, म्हणून कुठली मात्रा किती घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानाच्या खणात ते गोठू शकतं.

जातानाचं थोडक्यात. तिकडे उलट होतं. लंडनच्या संध्याकाळी सातला पोटात मध्यरात्रीनंतरचा साडेबारा असतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस रात्रीचं जेवण सहाला आणि हलकं घ्या, न्याहारी मात्र पोटभर. पहाटे तीनला भुकेने जाग येईल, तिथेही अर्ध्या केळ्यावर थांबा. थंडीत तहान लागत नाही आणि घरातले हीटर हवा कोरडी करतात, म्हणून कोमट पाण्याचा थर्मास जवळ असू दे.

परतल्यावर एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली तर तो प्रवासाचा शीण समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. आणि आलो आहोत तर लगेच सगळ्या तपासण्या उरकून घेऊ, असा बेत असेल तर तो आठवडाभर पुढे ढकला. सकाळी आठला दिलेलं उपाशीपोटीचं रक्त शरीराच्या दृष्टीने मध्यरात्रीचं असतं. थायरॉइडची टीएसएच पातळी तर रात्री मुळातच चढलेली असते, आणि तो आकडा बघून गोळीचं प्रमाण वाढवलं जायचं.